उमेदवार नऊ लाख म्हणाला, तेव्हा

शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला फोन आला. भोसरी एमआयडीसीतले एक कारखानदार. गाड्यांच्या गिअरबॉक्सला लागणारे भाग सीएनसी मशीनवर करून देतात, माणसं पासष्ट. आवाजात संताप आणि अपमान यांची मिसळ होती. “मॅडम, त्याने नऊ मागितले. आपण साडेसातच्या वर दिले, वीस टक्के हाइक दिली, आणि हा नऊ म्हणतो. सांगून टाकू का, येऊ नकोस म्हणून?”

मी म्हटलं, “आज काहीच सांगू नका. सोमवारी मी येते.”

वीस वर्षं पिंपरी-चिंचवड, चाकणच्या लहान-मध्यम कारखान्यांसाठी माणसं शोधायचं काम करते आहे. एवढ्या काळात हा फोन मला किती वेळा आला असेल याची मोजदाद नाही. जागा वेगळी, आकडा वेगळा, पण मालकाचा सूर हाच. आणि बहुतेक वेळा मालकाची चूक उमेदवाराच्या मागणीनंतर झालेली नसते, त्याच्या आधी झालेली असते. म्हणून ही एक गोष्ट पहिल्यापासून सांगते. सगळे आकडे एकाच माणसाचे आहेत, त्यामुळे डोक्यात ठेवायला सोपे जातील.

पद होतं क्वालिटी इंजिनिअरचं. आधीचा माणूस सोडून तीन महिने झाले होते आणि मोठ्या ग्राहकाचं ऑडिट फेब्रुवारीत होतं. माणूस सापडला तो चाकणच्या एका कंपनीतला, सहा वर्षांचा अनुभव, तळेगावला राहणारा. मुलाखत उत्तम झाली. मायक्रोमीटर हातात देऊन विचारलेल्या प्रश्नांनाही त्याने न अडखळता उत्तरं दिली. मालक खूश झाले. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं.

ऑफर देण्याआधी मी मालकांना एक काम सांगितलं होतं आणि ते त्यांनी केलं होतं, हे त्यांचं श्रेय. काम असं की उमेदवाराला आकडा सांगण्याआधी आपल्याच खात्यातल्या लोकांचे पगार एका कागदावर लिहून समोर ठेवायचे. या खात्याचे प्रमुख अकरा वर्षं जुने, त्यांचं वार्षिक पॅकेज ८,१०,०००. त्यांच्या हाताखाली दोन इंजिनिअर, एकाचं ७,५०,००० आणि दुसऱ्याचं ७,२०,०००. नवा माणूस या दोघांच्या बरोबरीचा, फक्त ग्राहकाच्या ऑडिटची जबाबदारी जास्त. म्हणजे त्याच्यासाठी खालची रेघ ७,२०,००० आणि वरची ८,००,०००. वरची रेघ बाजारभावाने ठरत नाही, शेजारच्या टेबलावर बसलेल्या माणसाने ठरते. हे ज्याला कळलं, त्याचा निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

ऑफर ठरली ७,५६,०००. अगदी खालून सुरुवात केली असती तर माणूस दुखावला असता, आणि अगदी वरून केली असती तर पुढे हलायला जागा उरली नसती. काही मालक म्हणतात, मी एकच आकडा सांगतो आणि तोच अखेरचा. प्रामाणिक पद्धत आहे ती, मला आवडते. पण मग खरंच हलायचं नाही. “हे अखेरचं” म्हणून दोन दिवसांनी पन्नास हजार वाढवणाऱ्या मालकाचा पुढचा कुठलाच शब्द माणसं अखेरचा मानत नाहीत.

मालकांची चूक झाली ती यानंतर. त्यांनी उमेदवाराला फोन करून सांगितलं, “साडेसातच्या वर पॅकेज देतोय, वीस टक्के हाइक आहे तुम्हाला.” बस्स, एवढंच. त्याचं आधीचं पॅकेज ६,३०,००० होतं, तेव्हा वीस टक्क्यांचा हिशेब बरोबरच होता. पण पॅकेज म्हणजे ज्याला आपण सीटीसी म्हणतो तो कंपनीचा एकूण खर्च. घरी येणारा पगार नव्हे. उमेदवाराने रात्री बायकोसोबत बसून जो हिशेब केला, त्यात वीस टक्के कुठेच दिसेनात.

तो हिशेब आपणही करू. ७,५६,००० पैकी ४८,००० वर्षाअखेरीला कामगिरीवर मिळायचे होते, म्हणजे व्हेरिएबल. उरले ७,०८,०००, महिन्याला ५९,०००. त्यात मूळ वेतन ३२,०००, घरभाडे भत्ता १२,८००, इतर भत्ते ८,२००, अशी पगारपत्रकावर दिसणारी बेरीज ५३,०००. बाकीचे सहा हजार कंपनी त्याच्या नावाने भरते, पण ते त्याच्या हातात येत नाहीत: पीएफचा कंपनीचा हिस्सा मूळ वेतनाच्या १२ टक्के म्हणजे ३,८४०, ग्रॅच्युइटीची तरतूद १,५३९ आणि आरोग्य विम्याचा हप्ता ६२१. आता ५३,००० मधून त्याचा स्वतःचा पीएफ पुन्हा ३,८४० आणि व्यवसाय कर २०० वजा केला की हातात येतात ४८,९६०. सध्याच्या नव्या करप्रणालीत या उत्पन्नावर प्राप्तिकर लागत नाही, तेवढं बरं.

चाकणच्या नोकरीत त्याच्या हातात ४४,००० येत होते. ६,३०,००० च्या पॅकेजमधून ४४,००० कसे? कारण ती कंपनी पीएफ पूर्ण मूळ वेतनावर कापत नव्हती. कायद्याने पीएफसाठी वेतनाची मर्यादा १५,००० रुपये आहे, २०१४ पासून ती तशीच आहे. पगार त्याहून जास्त असला तरी कंपनीला १५,००० वरच, म्हणजे महिन्याला १,८०० रुपये भरायची मुभा असते. त्या कंपनीने ती घेतली होती, भोसरीच्या कारखान्याने घेतली नव्हती. भोसरीची पद्धत खरं तर कामगाराच्या जास्त हिताची. पण दर महिन्याच्या एक तारखेला बँकेत दिसणारा आकडा मात्र त्यामुळे लहान होतो.

तेव्हा ४८,९६० वजा ४४,०००, वाढ ४,९६० रुपयांची. चाकणला कंपनीची बस घरापासून होती. भोसरीला मोटारसायकलने यायचं, पेट्रोल महिन्याला तीन हजारांच्या आसपास. उरले जेमतेम दोन हजार. दोन हजारांसाठी चार वर्षांची बसलेली घडी मोडायची? कुणीही विचार करेल. त्याने केला, आणि कुण्या मित्राने सांगितल्याप्रमाणे नऊ लाख मागितले.

मालकांना ही गोष्ट सोमवारी कागदावर दाखवली तेव्हा ते थोडे शांत झाले. तरी म्हणाले, “मग त्याने हे असं सरळ का नाही सांगितलं?”

कारण त्याला कुणी विचारलं नव्हतं. आपल्याकडे पगाराचं बोलणं म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा प्रकार. मालक टक्क्यांत बोलतात, उमेदवार लाखांत बोलतो, आणि दोघांच्याही मनात असतो तो महिन्याचा आकडा कुणीच उच्चारत नाही. टक्क्यांची ही हाइकची भाषा मला मनापासून नावडते. आधीच्या कंपनीने त्याला कमी दिलं असेल तर टक्के कितीही मोठे करा, पगार कमीच राहतो. जास्त दिलं असेल तर दहा टक्केसुद्धा आपल्या रेघेच्या बाहेर जातात. पद काय आहे आणि त्याला आपल्याकडे काय मोल आहे, एवढंच बघावं.

मागणी आली की पहिलं काम म्हणजे तिला उत्तर न देणं. हो नाही, नाहीही नाही. “ऐकून घेतलं, उद्या संध्याकाळपर्यंत तुम्हाला फोन करतो,” एवढं पुरतं. मात्र त्या उद्या संध्याकाळी फोन गेलाच पाहिजे. आठवडाभर गप्प राहून माणसाला ताटकळत ठेवण्यात काही डावपेच आहे असं समजणारे मालक मी पाहिलेत. त्या आठवड्यात उमेदवार आणखी दोन ठिकाणी मुलाखती देऊन येतो, बाकी काही होत नाही.

दुसरं काम, आकड्यामागचं कारण काढणं. आणि इथे प्रश्न कसा विचारता यावर सगळं असतं. “नऊ कशाला हवेत?” असं विचारलं की माणूस बचावाला उभा राहतो. मालकांच्या केबिनमधून आम्ही स्पीकरवर फोन लावला तेव्हा त्यांना मी वाक्य लिहून दिलं होतं. ते म्हणाले, “तुमचा नऊचा आकडा मी ऐकला. तो कसा आला ते मला समजून घ्यायचंय. इकडे येताना तुमचं तिकडे काय काय सुटतंय, ते सगळं एकदाच सांगाल का?”

पलीकडे क्षणभर शांतता. मग माणूस मोकळा झाला.

“सर, मला हातात पंचावन्न तरी हवेत. फ्लॅटचा हप्ता एप्रिलपासून वाढतोय.” मग पुढे, “आणि आमचं व्हेरिएबल एप्रिलच्या पगारात येतं, छत्तीस हजार. जानेवारीत सोडलं तर ते गेलं.” आणि थोडं थांबून, “सर, माझी पाच वर्षं व्हायला आठ महिने कमी आहेत.”

हे शेवटचं वाक्य मालकांच्या आधी लक्षात आलं नव्हतं. कायम कामगाराला ग्रॅच्युइटी मिळते ती सलग पाच वर्षं पूर्ण झाल्यावर. १९७२ च्या कायद्यापासून हा नियम आहे आणि नव्या श्रमसंहितांमध्येही कायम नोकरीसाठी तो टिकला आहे. मुदतीच्या करारावरच्या लोकांना तेवढी एका वर्षानंतरची सवलत मिळाली. हिशेब असा, की शेवटच्या मासिक वेतनाला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. त्याचं तिथलं मूळ वेतन २४,०००. पाच वर्षांचे होतात सुमारे ६९,०००. आठ महिने थांबला तर ते त्याचे, आज सोडलं तर शून्य. व्हेरिएबल धरून एकूण १,०५,००० रुपये तो मागे सोडून येणार होता.

आता नऊ लाखांचे दोन तुकडे झाले. एक तुकडा दर महिन्याचा: हातात पंचावन्न हजार. दुसरा एकदाचा: लाखभराचं नुकसान. उमेदवाराने हे दोन्ही एका वार्षिक आकड्यात कोंबले होते, कारण वार्षिक आकडाच त्याच्यापुढे ठेवला गेला होता. माझ्या अनुभवात अशा मागण्यांची गाठ बहुतेक वेळा इथेच सुटते. एकदाचं नुकसान एकदाच भरून द्यावं. ते पगारात मिसळलं, तर दरवर्षी भरत राहावं लागतं, आणि पुढची प्रत्येक वाढ त्याच्यावर चढते.

मालकांनी मग विचारलेला प्रश्न व्यवहारी होता. “समजा मी नऊ दिलेच, तर? वर्षाला दीड लाखाने मी काही बुडत नाही.”

दीड लाखाने कुणी बुडत नाही हे खरं, पण प्रश्न दीड लाखाचा नसतोच. त्यांनी स्वतः लिहिलेला कागद पुन्हा समोर घेतला. नऊ लाख म्हणजे खातेप्रमुखांच्याही वर. पगार गुप्त राहतो या समजुतीवर कारखाना चालवू नये. कॅन्टीनच्या बाकावर, गृहकर्जाच्या अर्जावर, कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत आकडा फुटतो. मग त्या तिघांना पंधरा टक्के वाढवून द्यायचे झाले तर त्यांच्या २२,८०,००० वर वर्षाला ३,४२,०००. नव्या माणसाचे १,४४,००० मिळवले की ४,८६,०००, आणि तेही दरवर्षी. नाही दिले, तर तिघांपैकी एक जण वर्षाच्या आत जातो. एका कारखान्यात मी हे घडताना पाहिलं आहे. नवा डिझाइन इंजिनिअर मागेल तो पगार देऊन आणला, आणि सात महिन्यांनी ज्याच्या जिवावर टूलरूम उभी होती तो जुना माणूस राजीनामा ठेवून गेला. मालकांनी त्याला थांबवायला नव्याएवढा पगार देऊ केला. त्याने उत्तर दिलं, “हे सात महिन्यांपूर्वी द्यायचं होतं, साहेब.”

तर भोसरीच्या कारखान्याने काय दिलं ते सांगते.

पॅकेज ७,५६,००० वरून ७,८०,००० केलं. वरच्या रेघेच्या आत, खातेप्रमुखांच्या खाली. वाढलेले चोवीस हजार व्हेरिएबलमध्ये न घालता महिन्याच्या पगारात घातले, म्हणजे महिन्याला दोन हजार. पीएफ पूर्ण मूळ वेतनावर घ्यायचा की १,८०० चा, हे त्याच्यावर सोडलं. १,८०० चा घेतला तर त्याच्याकडची कपात २,०४० ने कमी होते आणि कंपनीच्या हिश्श्यातले तेवढेच भत्त्यात येतात, दोन्ही मिळून ४,०८०. मूळचे ४८,९६० अधिक दोन हजार अधिक ४,०८०, हातात ५५,०४०. त्याने मागितलेला आकडा, आणि कंपनीचा वाढीव खर्च वर्षाला फक्त २४,०००.

इथे मालकांना मी एका गोष्टीची सक्ती केली. पीएफचे हे पैसे वाढ म्हणून सांगायचे नाहीत. ते त्याचेच पैसे आहेत, एका खिशातून दुसऱ्या खिशात आले. म्हातारपणीच्या खात्यात दरमहा चार हजार कमी पडणार, हे त्याला स्पष्ट सांगायचं आणि मग निवडू द्यायचं. बरेच जण हे लपवतात आणि “हातात सहा हजार वाढवले” म्हणून मिरवतात. दोन वर्षांनी पीएफचं पासबुक बघितल्यावर माणसाला कळतं, तेव्हा त्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते बरोबरच असतं. आपला हा तरुण म्हणाला, “हप्ता संपेपर्यंत कमी चालेल, सर.” त्याचा निर्णय, त्याने समजून घेतलेला.

एकदाच्या नुकसानीपोटी ७५,००० रुपये जॉइनिंग बोनस. पूर्ण लाख का नाही? ग्रॅच्युइटी अजून त्याची झालेली नव्हती. आठ महिने थांबायचं की आज नवी संधी घ्यायची हा धोका दोघांनी वाटून घ्यावा, असं मालकांचं म्हणणं पडलं आणि मला ते रास्त वाटलं. रक्कम दोन हप्त्यांत: पहिल्या पगारासोबत ४०,००० आणि सहा महिन्यांनी नोकरी कायम झाल्यावर ३५,०००. वर्षाच्या आत सोडलं तर न भरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात परत. ही अट पत्रात लिहिलेली हवी, तोंडी असली तर ती नसल्यासारखीच. पहिल्या वर्षी मालकांचा जादा खर्च ९९,०००. दुसऱ्या वर्षापासून फक्त २४,०००. नऊ लाख दिले असते तर नुसत्या या एका माणसामागे दरवर्षी १,४४,००० होते.

हे सगळं सांगण्याआधी मालकांनी एक प्रश्न विचारला, आणि तो विसरू नये असा आहे. “मी यावर विचार करतोय. यातलं जे मला जमतं ते दिलं, तर तुम्ही येणार, हे नक्की ना? की आणखी काही बाकी आहे?” याचा अर्थ असा, की मागण्यांची यादी इथे पूर्ण होते. पगार मिटला की जागेचं नाव, मग शनिवारची सुट्टी, मग लॅपटॉप, असं एकेक करत बसलं की मालकाचा संयम सुटतो आणि उमेदवारालाही हाव सुटल्यासारखं दिसतं. लग्नाच्या याद्या करताना मंडळी सगळं एका बैठकीत लिहून घेतात आणि दोन्हीकडच्या सह्या होतात. त्यामागे पिढ्यांचं शहाणपण आहे, इथेही तेच लागू. त्याने फक्त एक सांगितलं: दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी त्याला आईला डॉक्टरकडे न्यायचं असतं. ते लगेच मान्य झालं.

आता एक छोटी कायद्याची बाजू, कारण ती माहीत नसल्यामुळे दोन्हीकडचे लोक घसरतात. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार स्वीकार हा बिनशर्त असावा लागतो. “येतो, पण नऊ लाखांवर” हा स्वीकार नव्हे, तो नवा प्रस्ताव आहे, आणि त्याने आधीची ऑफर संपते. म्हणजे मालकाने नऊला नकार दिला आणि उमेदवार म्हणाला, “बरं, मग ७,५६,००० चालतील,” तर मालक त्याला बांधलेला नसतो. नुसतं “यात काही वाढवता येईल का?” हे मात्र विचारणं झालं, प्रस्ताव नव्हे. उमेदवारांनी हा फरक लक्षात ठेवावा. आणि मालकांनी पत्रात उत्तराची तारीख घालावी, म्हणजे ती उलटली की ऑफर आपोआप संपते. तारीख नसलेली ऑफर लेटर दुसऱ्या कंपनीकडे घासाघीस करायला फार उपयोगी पडतात.

कायद्याने मोकळीक दिली म्हणून ती दर वेळी घ्यावी, असं मात्र नाही. जास्त मागितलं या एकाच कारणासाठी ऑफर मागे घेणारे मालक मला कोते वाटतात. मागणं हा त्याचा हक्क आहे, नाही म्हणणं हा आपला. आणि माणसाने लेखी स्वीकार देऊन जुन्या नोकरीचा राजीनामा टाकला असेल, तर ऑफर मागे घेणं हे पाप आहे, मग ऑर्डर कमी झाली असो की आणखी काही. मी अशा मालकाकडे पुन्हा माणूस पाठवत नाही.

मग मागे केव्हा घ्यावी? खोटी पगारपत्रकं दिली असतील तर, आणि सगळं ठरून “हो” म्हटल्यावर नवा आकडा आला तर. दुसऱ्या प्रकाराला मी एकदा संधी देते, कारण कधी घरचं कारण खरं असतं. दुसऱ्यांदा नाही.

सगळ्याच मागण्या अशा सुटत नाहीत. कधी माणसाला खरोखर नऊ मिळत असतात, दुसऱ्या कंपनीचं पत्र त्याच्या हातात असतं. तेव्हा नाही म्हणावं, आणि चांगलं म्हणावं. छोट्या कारखान्याचा मालक “वरून परवानगी मिळत नाही” म्हणाला की उमेदवार मनात हसतो, कारण वर कोण असणार? खरं कारण सांगावं: “या पदाला आमच्याकडे आठच्या वर जागा नाही, कारण तुमच्याबरोबर काम करणारे लोक त्याखाली आहेत. तुम्ही तिकडे जावं हे बरोबर आहे.” असं ऐकून परत आलेले तीन जण मला आठवतात, दोन-तीन वर्षांनी, स्वतःहून.

या तरुणाने बुधवारी पत्रावर सही केली. पत्रात महिन्याचा तपशील, हातात येणारा अंदाजे आकडा, बोनसची अट, तिसरा शनिवार, रुजू होण्याची तारीख, सगळं होतं. त्यानंतरचे साठ दिवस, म्हणजे त्याचा नोटीस पीरियड, हा खरा धोक्याचा काळ. राजीनामा हातात पडला की जुनी कंपनी जागी होते आणि थांबायला जास्त पैसे देऊ करते. म्हणून मालकांनी त्याला आधीच विचारलं होतं, “तिकडे पगार वाढवून थांबा म्हटलं तर काय कराल?” या प्रश्नाला उत्तर कुठलंही येवो, माणूस तो विचार आपल्यासमोर करून मोकळा होतो. तीन दिवसांत राजीनामा पोहोचल्याच्या मेलची प्रत मागितली, ती आली. ती येत नसेल, “उद्या देतो, साहेब बाहेरगावी आहेत” असं चालू झालं, तर समजावं की आपलं पत्र कुठेतरी दाखवायला वापरलं जातं आहे. दुसऱ्या उमेदवाराला तेव्हाच फोन करावा. मधल्या काळात खातेप्रमुखांनी दर आठवड्याला त्याच्याशी बोलायचं ठरलं. एकदा त्याला शनिवारी बोलावून ऑडिटची फाइलही दाखवली. चाकणच्या कंपनीने चाळीस हजार वाढवून देतो म्हटलं होतं, हे त्याने स्वतःच मालकांना सांगितलं.

तो जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रुजू झाला. फेब्रुवारीच्या ऑडिटला तोच उभा होता. आणि ७,५०,००० वर काम करणाऱ्या जुन्या इंजिनिअरचं पॅकेज मालकांनी एप्रिलमध्ये ७,८०,००० केलं, त्याने न मागता.